लिहून देणार, लिहून घेणार

नातेवाइकांमधल्या कर्जाच्या करारनाम्यातले प्रत्येक कलम म्हणजे पुढे कधीतरी कोणाच्या तरी ओसरीवर बोलल्या जाणाऱ्या एका वाक्याचे आगाऊ लिहून ठेवलेले उत्तर असते. बँकेच्या कर्जात अशी वाक्ये फारशी नसतात. तिथे कर्जदार आणि शाखाधिकारी एकमेकांच्या बारशाला जेवलेले नसतात. नात्यात ती पिढीजात ठरलेली आहेत. "ते तर तुम्ही मदत म्हणून दिले होते", "व्याजाचे कुठे बोलणे झाले होते?", "दिवाळी म्हटलो होतो, कोणती ते म्हटलो नव्हतो", आणि यांच्या पाठोपाठ येणारे "पैशापायी नाते तोडणार का?" चौथ्याला कायद्यात उत्तर नाही. पहिल्या तिघांना आहे.

व्यवहार समजण्यासाठी एक नमुना घेतलेला बरा. सातारा जिल्ह्यातल्या एका मेहुण्याला जुना टेम्पो घ्यायचा आहे. चिंचवडला राहणारे दाजी त्याला 3 लाख रुपये देण्यास तयार आहेत. म्हणजे ताई तयार आहे आणि दाजींना तसे कळवण्यात आले आहे. व्याज 9 टक्के, मुदत 24 महिने, तारण म्हणून मेहुण्याच्या घरातली मोहनमाळ. करारनाम्याच्या भाषेत मेहुणा हा "लिहून देणार" आणि दाजी "लिहून घेणार". दस्ताच्या सुरुवातीला "कारणे करारनामा लिहून देतो ऐसाजे" हे येतेच. त्याने कायद्यात काही फरक पडत नाही, पण ते नसेल तर गावातल्या साक्षीदाराला कागद खरा वाटत नाही.

पहिले कलम रकमेचे. इथे "कर्जाऊ" हा शब्द स्पष्ट लिहावा लागतो, कारण जवळच्या नातेवाइकाने दिलेली भेट घेणाऱ्याच्या हाती आयकरमुक्त असते आणि तिची परतफेड नसते. अडचणीच्या काळात ही सोय कर्जदाराला एकाएकी आठवते. म्हणून रक्कम अंकी व अक्षरी, कारण, तारीख, कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात गेली आणि बँकेचा व्यवहार क्रमांक एवढे सारे या कलमात येते. पैसे आधी गेले आणि कागद दोन महिन्यांनी झाला, तर त्यात "यापूर्वी अमुक तारखेस मिळालेली रक्कम" असे खरे ते लिहावे. मागची तारीख टाकण्याचा मोह आवरावा. मुद्रांकावर विक्रीची तारीख छापलेली असते आणि ती कोणाच्याही बाजूने खोटे बोलत नाही.

रोखीने व्यवहार करण्याची इच्छा या टप्प्यावर हमखास उसळते. 20 हजार किंवा त्याहून अधिक रकमेचे कर्ज रोखीने घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे आणि अशा कर्जाची रोखीने परतफेड करण्यासही. दोन्ही वेळी दंड रकमेएवढा होऊ शकतो आणि गंमत अशी की घेताना तो घेणाऱ्यावर आणि फेडताना फेडणाऱ्यावर येतो, म्हणजे दोन्ही खेपांना मेहुण्यावरच. दाजी मात्र "बँकेतून दिले की लोकांना कळते" एवढ्यासाठी रोखीचा आग्रह धरतात. लोकांना कळणे हाच न्यायालयात पुरावा असतो.

दुसरे कलम व्याजाचे, आणि नात्यातले बहुतेक तंटे इथेच उगवतात. शाळेतल्या गणितात व्याज दसादशे असते. बाजारात आणि गावात ते महिन्याचे असते. "शेकडा दीड" असे तोंडी ठरले की घेणाऱ्याच्या डोक्यात वर्षाला दीड टक्का आणि देणाऱ्याच्या डोक्यात वर्षाला 18 टक्के असे दोन स्वतंत्र करार एकाच चहावर होतात. म्हणून "दरसाल दर शेकडा 9" हे पूर्ण लिहायचे, आणि त्यापुढे ते शिल्लक मुदलावर की मूळ रकमेवर हेही लिहायचे.

हा दुसरा प्रश्न किरकोळ वाटतो. नमुन्यात तो घालून पाहावा. 3 लाखांचे 24 भाग केले तर महिन्याचे मुद्दल 12,500 रुपये. पहिल्या महिन्याचे व्याज 2,250, म्हणजे पहिला हप्ता 14,750. शिल्लक मुदलावर व्याज असेल तर दर महिन्याला ते 93 रुपये 75 पैशांनी उतरत जाते, शेवटचा हप्ता 12,593 रुपये 75 पैसे होतो आणि दोन वर्षांचे एकूण व्याज 28,125 रुपये भरते. मूळ रकमेवरच व्याज धरले तर हप्ता शेवटपर्यंत 14,750 राहतो आणि व्याज 54,000 होते. दोन्ही हिशेबांत दर 9 टक्केच आहे आणि पहिला हप्ता अगदी पैशापर्यंत सारखा आहे. त्यामुळे पहिल्या महिन्यात दोन्ही घरी समाधान असते. दुसऱ्या महिन्यात मेहुणा 14,656 रुपये 25 पैसे पाठवतो, आणि उरलेल्या 93 रुपये 75 पैशांसाठी ताईला दोन्हीकडून फोन येतात.

दर किती असावा याबद्दल दाजींना एक भीती असते की व्याज घेतले तर आपण सावकार ठरू. महाराष्ट्रात 2014 च्या सावकारी नियमन कायद्याखाली परवाना लागतो तो सावकारीचा धंदा करणाऱ्याला. एकाच मेहुण्याला एकदा दिलेले कर्ज म्हणजे धंदा नव्हे. मात्र मेहुणा, साडू, चुलतभाऊ आणि सोसायटीतले दोघे अशी यादी वाढत गेली आणि सगळ्यांकडून तारण घेतले गेले, तर "नातेसंबंधातून दिले" हे सांगणे दरवेळी अवघड होत जाते. व्याजाची रक्कम दाजींच्या उत्पन्नात धरली जाते आणि तिच्यावर आयकर लागतो. हे कळल्यावर दर अर्ध्या टक्क्याने वाढवण्याची सूचना येते. ती कागद लिहिण्याआधी आली तर हरकत नाही.

फेडीचे कलम लिहिताना ऋतू, सण आणि पिके यांना करारनाम्याबाहेर ठेवावे लागते. "सुगीनंतर", "दिवाळीच्या आसपास", "टेम्पोला भाडे लागू लागल्यावर", "सोयीनुसार" हे शब्द जिव्हाळ्याचे आहेत, पण त्यांच्यावर दावा उभा राहत नाही, कारण पैसे देय झाले कधी हेच ठरत नाही. नमुन्यात तक्ता असा असेल: पहिला हप्ता 10 जून 2026, शेवटचा 10 मे 2028, दर महिन्याच्या 10 तारखेस, अमुक खात्यातून अमुक खात्यात. तक्ता करारनाम्याचा भाग म्हणून जोडायचा आणि त्यावरही दोघांच्या सह्या घ्यायच्या. लग्नाच्या आहेरात, गावच्या जत्रेच्या वर्गणीत किंवा दाजींसाठी आणलेल्या दोन पोती इंद्रायणी तांदळात हप्ता वळता होणार नाही, हेही एका ओळीत लिहिलेले चांगले. तांदळाचा भाव नंतर दोघांना वेगवेगळा आठवतो.

तारखा एवढ्या नेमक्या हव्यात त्याचे कारण मुदत कायदा. पैसे वसूल करण्याचा दावा साधारणपणे 3 वर्षांत आणावा लागतो. तारीख न ठरवता "मागाल तेव्हा देईन" असे कर्ज असेल तर ही 3 वर्षे मागितल्यापासून नव्हे, कर्ज दिल्याच्या दिवसापासून मोजली जातात. हे कळेपर्यंत चौथे वर्ष लागलेले असते, कारण सज्जन माणूस पहिली 3 वर्षे मागतच नाही. हप्त्यांच्या करारात प्रत्येक हप्त्याची मुदत त्याच्या तारखेपासून स्वतंत्र चालते. 10 नोव्हेंबर 2026 चा हप्ता थकला तर त्यासाठीचा दावा 10 नोव्हेंबर 2029 पर्यंत आणता येतो.

यावर वकील एक धारदार कलम सुचवतात: लागोपाठ दोन हप्ते थकले तर सगळी शिल्लक एकदम देय होईल. दाजींना ते फार आवडते. त्याची दुसरी धार अशी की एकदम देय झालेल्या रकमेची 3 वर्षेही तेव्हापासूनच सुरू होऊ शकतात. म्हणून कलमात "लिहून घेणार याने तशी लेखी नोटीस दिल्यास" हे शब्द घालतात, आणि सावध माणूस तरीही मुदत पहिल्या थकबाकीपासूनच मोजतो. शेजारीच आणखी एक ओळ असावी की एखाद्या वेळी सवलत दिली म्हणून हक्क सोडला असे होणार नाही. नात्यातल्या कर्जात "राहू दे, पुढच्या महिन्यात दे" हे वाक्य दाजींच्या तोंडून नाही तरी ताईच्या तोंडून निघतेच, आणि त्याचा साक्षीदार नेमका मेहुणा असतो.

मुदत संपत आली असताना ती नव्याने सुरू करता येते. कर्जदाराने ती संपण्याआधी "माझ्याकडून एवढे येणे आहे" असे सहीनिशी लिहून दिले तर त्या तारखेपासून पुन्हा 3 वर्षे मिळतात. अंशतः फेड केली आणि ती त्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीने नोंदलेली असली तरी तेच. "दाजी, काळजी करू नका, देतो" हा मोबाइलवरचा संदेश जपून ठेवावा, पण त्याच्या भरवशावर झोपू नये. किती, कशापोटी आणि कोणाला हे त्यात नसते, शेवटी दोन नमस्कार तेवढे असतात.

तारण हा या सगळ्यातला सर्वांत रंगतदार भाग. पहिली सूचना नेहमी सातबारा ठेवून घेण्याची येते. सातबारा हा अधिकार अभिलेखाचा उतारा आहे. तो कोणालाही काढता येतो आणि दाजींच्या कपाटात एक प्रत असल्याने जमिनीला काहीही होत नाही. मेहुणा दुसऱ्या दिवशी दुसरी प्रत काढून तीच जमीन दुसऱ्या दाजींना दाखवू शकतो. जमीन खरोखर साधे गहाण ठेवायची तर दस्त नोंदणीकृत हवा आणि त्यावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. 3 लाखांसाठी तेवढा खटाटोप बहुधा कोणी करत नाही.

मग सोने येते. जंगम वस्तूचे तारण ताबा दिल्याशिवाय होत नाही, त्यामुळे मोहनमाळ प्रत्यक्ष दाजींकडे आली पाहिजे. "तुमचीच समजा" एवढ्याने भागत नाही. करारनाम्यात दागिन्याचे वर्णन, वजन ग्रॅममध्ये, शुद्धता, हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकी क्रमांक आणि छायाचित्र हवे. सराफाकडून वजन करून पावती घेतलेली उत्तम. नाहीतर परत करताना माळ "पूर्वी भरदार होती" असे निघते, आणि यावर दोन्ही घरच्या बायका मरेपर्यंत ठाम राहतात.

त्याहून मोठा प्रश्न म्हणजे माळ कोणाची. ती बहुधा मेहुण्याच्या पत्नीला माहेरून आलेली असते, म्हणजे स्त्रीधन. नवऱ्याला ती तिच्या संमतीशिवाय तारण ठेवता येत नाही. तेव्हा तारण देणारी म्हणून तिचे नाव आणि सही करारनाम्यात हवी. नवऱ्याने "घरच्यांची संमती आहे" असे लिहून चालत नाही. ही सही मागायला गेल्यावर टेम्पोचा विषय तिला प्रथमच कळतो असेही घडते, आणि कधीकधी करारनाम्याची गरज तिथेच संपते.

तारण घेणाऱ्यालाही बंधने आहेत. वस्तू नीट सांभाळायची आणि तिचा वापर करायचा नाही. पुतण्याच्या लग्नात ताईने तीच मोहनमाळ घालून फोटो काढले, तर भावनेच्या दृष्टीने माळ घरातच राहिली. कायद्याच्या दृष्टीने तारणाच्या अटींशी विसंगत वागणूक झाली, आणि माळेचे काही बरेवाईट झाल्यास भरपाईची जबाबदारी दाजींवर आली. हप्ते थकले तर माळ आपोआप दाजींची होत नाही. वाजवी मुदतीची नोटीस देऊन ती विकता येते आणि येणे वसूल होऊन उरलेले पैसे परत द्यावे लागतात. विकण्याऐवजी न्यायालयात दावा करून माळ तोवर तारण म्हणून ठेवून घेण्याचाही मार्ग आहे. व्यवहारात दाजी तिसरा मार्ग निवडतात: माळ लॉकरमध्ये, किल्ली ताईकडे, आणि विषय बंद.

सोन्याखेरीज धनादेश घेण्याची पद्धत आहे. हप्त्यांच्या तारखांचे धनादेश घेतले तर त्यांचे क्रमांक करारनाम्यात लिहावेत, म्हणजे "कोरा चेक दिला होता, हरवला असेल" हे वाक्य उगवत नाही. धनादेश त्यावरील तारखेपासून 3 महिन्यांत भरावा लागतो. तो वटला नाही तर बँकेकडून तसे कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पैसे देण्यास 15 दिवस आणि त्यानंतर एका महिन्यात फौजदारी तक्रार, असा हा क्रम आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा धनादेशाच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सख्ख्या मेहुण्यावर असा खटला भरण्याआधी दाजींनी राहायची दुसरी सोय पाहून ठेवावी. ही सूचना मात्र कायद्यात नाही.

साक्षीदार दोन असावेत, आणि दोघेही व्यवहाराबाहेरचे. ताई साक्षीदार म्हणून निरुपयोगी आहे असे नाही, पण उलटतपासणीत तिला दोन्ही पक्षांचे एकाच वेळी ऐकावे लागेल. साक्षीदाराने सही होताना पाहिलेली असावी, किंवा सही आपलीच असल्याचे करणाऱ्याने त्याला सांगितलेले असावे. पुढच्या आठवड्यात घरी जाऊन घेतलेली सही फक्त जागा भरते. गावात साक्षीदार मिळवणे कठीण जाते, कारण मेहुणा पळाला तर पैसे आपल्याला भरावे लागतील अशी पक्की समजूत असते. पैसे भरावे लागतात ते जामीनदाराला. साक्षीदाराने फक्त सही झाल्याचे सांगायचे असते. वयोवृद्ध आणि मानाचे मामा साक्षीदार म्हणून शोभतात खरे, पण दावा चालेपर्यंत जो हिंडता-फिरता राहील असा एखादा तिशीतला मनुष्यही त्यांच्या जोडीला घ्यावा.

साक्षीदारांच्या सहीतून एक तांत्रिक भानगड उपजते. पैसे देण्याची जबाबदारी पत्करलेला आणि साक्षीदाराने साक्षांकित केलेला कागद मुद्रांक कायद्याच्या दृष्टीने साधा करारनामा न राहता "बंधपत्र" ठरू शकतो, आणि त्याचे शुल्क वेगळे असते. म्हणजे कागद बळकट करणारी सहीच त्याला महाग करते. शंका असेल तर मुद्रांक जिल्हाधिकाऱ्याकडून शुल्क ठरवून घेण्याची सोय आहे. "शंभराचा स्टॅम्प आणला की झाले" ही जुनी खात्री ऑक्टोबर 2024 पासून तशीही मोडीत निघाली आहे, कारण महाराष्ट्रात अनेक दस्तांचे 100 रुपयांचे शुल्क तेव्हा 500 झाले. मुद्रांक दोघांपैकी एकाच्या नावाने आणि सहा महिन्यांच्या आतला हवा. कपाटात जपलेला सासऱ्यांच्या नावाचा मुद्रांक भावनेपुरता ठेवावा. शुल्क कमी पडलेला करारनामा फरक आणि दंड भरून पुराव्यात आणता येतो. हीच सवलत वचनचिठ्ठीला नाही. तिच्यावर योग्य मुद्रांक नसेल तर दंड भरूनही ती उपयोगी पडत नाही. नोटरीचा शिक्का ओळख आणि तारीख पक्की करतो. लाल लाखेचा रुबाब पाहून त्याला दस्तनोंदणी समजण्याचा प्रघात आहे, पण ती वेगळी गोष्ट.

सह्या प्रत्येक पानावर, रिकाम्या जागा रेघ मारून बंद, खाडाखोडीवर दोघांची लहान सही. कोऱ्या कागदावर सही घेतली, हा बचाव मराठी मुलखात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि त्याच्यावर एवढाच उपाय आहे. मेहुण्याने स्वतःच्या हाताने "वरील मजकूर वाचला, समजला, रक्कम मिळाली" असे लिहिले तर आणखी बरे.

एवढे सगळे असूनही पैसे आले नाहीत तर वकिलामार्फत नोटीस आणि मग दावा. लेखी करारावरच्या ठरावीक रकमेसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेत संक्षिप्त दाव्याची सोय आहे. त्यात प्रतिवादीला समन्स मिळाल्यापासून 10 दिवसांत हजर व्हावे लागते आणि पुढच्या टप्प्यावर बचाव करण्यासाठी परवानगी मागावी लागते. ती आपोआप मिळत नाही. तोंडी हातउसन्याला हा रस्ता बंद असतो. हुकूमनामा झाल्यावर त्याची बजावणी 12 वर्षांपर्यंत मागता येते आणि बँक खाते, टेम्पो यांवर जप्ती आणता येते. अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी आणि धर्माच्या रीतीने स्त्रीला अंगावरून काढता येत नाहीत असे दागिने यांना हात लावता येत नाही. मंगळसूत्र त्यामुळे सुरक्षित आहे. मोहनमाळेला ही सवलत नाही.

पैसे वेळेवर फिटले तरी एक काम उरते आणि ते हमखास विसरले जाते. शेवटच्या हप्त्यानंतर दाजींनी "मुद्दल व व्याज पूर्ण मिळाले, काही येणे नाही" अशी पावती रेव्हेन्यू तिकिटावर सही करून द्यायची, न वापरलेले धनादेश परत करायचे, मूळ करारनाम्यावर "फेड झाली" असा शेरा मारायचा आणि माळ सराफाकडे पुन्हा तोलून, मेहुण्याच्या पत्नीच्या हाती देऊन, तिची पोच घ्यायची. मेहुण्याच्या हाती दिलेली माळ घरी पोहोचली नाही तर त्यासाठी वेगळा करारनामा लागतो.